सरवा, लोंब्या की दान? रूथच्या प्रवचनासाठी शब्द हवा

वास्कोवाली
नमस्कार मंडळी. येत्या रविवारी आमच्या मराठी मंडळीत प्रवचन माझ्याकडे आहे, विषय बायबलमधली रूथ. ऐकणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बायका बेळगाव, सावंतवाडीकडच्या, इथे गोव्यात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करणाऱ्या. गोष्ट त्यांना पटकन लागते: नामी दुष्काळापायी मवाबात गेली, तिथे नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले, आणि विधवा सून रूथ सासूने सांगूनही माहेरी न परतता तिच्यामागून बेथलेहेमात आली. अडतं ते दुसऱ्या अध्यायात. तिथे रूथ शेतात ‘सरवा’ वेचते. मागच्या वेळी हा शब्द वाचला आणि समोरचे चेहरे कोरे. आता ‘दान’ म्हणू का? की ‘वेचलेलं धान्य’?

लोंबी
सरवा देशावरचा शब्द, ताई. ज्वारी काढून झाली की मागे राहिलेली कणसं. आमच्या पेडण्याकडे भातकापणीनंतर मळ्यात पडलेल्या लोंब्या पोरं वेचायची, त्याला आम्ही लोंब्या वेचणंच म्हणायचो. रूथने वेचलं ते जव होतं, भात नव्हे, पण तुमच्या बायकांना लोंबी लगेच कळेल.

मांडवीकाठ
दान म्हणायला काय हरकत आहे? शेताचा मालक बवाज श्रीमंत, ती गरीब विधवा. त्याने दया केली, तिला धान्य मिळालं. एवढं कशाला ताणायचं?

जुना मास्तर
मांडवीकाठ, तुमचं अर्धं बरोबर आहे, कारण बवाजाने पुढे दया केलीच. पण रूथ शेतात शिरली तेव्हा त्याची तिची ओळखही नव्हती. ती शिरली नियमशास्त्राच्या जोरावर. लेवीयच्या 19व्या अध्यायात मालकाला सांगितलंय: शेताच्या कडा कापू नकोस, पडलेलं पुन्हा गोळा करू नकोस, ते गरिबाला आणि उपऱ्याला राहू दे. अनुवाद या पुस्तकाच्या 24व्यात तर उपरा, पोरका आणि विधवा अशी तिघांचीच नावं आहेत. म्हणजे ते धान्य मालकाने द्यायचं नव्हतंच, त्याने फक्त सोडायचं होतं.

यहुदी धर्मशास्त्र्यांनी पुढे हे फार बारकाईने ठरवलं. कापताना दोन कणसं एकदम पडली तर ती गरिबाची, तीन पडली तर मालकाची. कडेचा वाटा शेताच्या साठाव्या हिश्शाहून कमी नसावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मालकाने एका गरिबाला वेचू दिलं आणि दुसऱ्याला अडवलं, किंवा एकालाच मदत केली, तर तो गरिबांना लुटतो. हे नियम रूथच्या काळानंतरचे आहेत, पण सरव्याकडे ते कसे पाहत हे त्यातून कळतं. दानात देणारा ठरवतो कुणाला द्यायचं. सरव्यात त्याला ते ठरवता येत नाही.

वास्कोवाली
म्हणजे बवाज गड्यांना मुद्दाम पेंढ्यांतून कणसं टाकायला सांगतो, ते नियमाबाहेरचं?

जुना मास्तर
होय, ते कायद्याच्या वरचं. म्हणून गोष्टीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत: कडेचं आणि पडलेलं हा तिचा हक्क, मुद्दाम टाकलेलं ही त्याची कृपा. तुम्ही दोन्हींना ‘दान’ म्हणालात तर पहिली गोष्ट गायब होते. तो गड्यांना तिला हात लावू नका असंही बजावतो, म्हणजे हक्क असूनही एकट्या बाईला शेतात त्रास होत असणार, हे तिथे न बोलता आलंय.

सावंतवाडीची
माझ्या घरचीच गोष्ट सांगते. नवरा गेला तेव्हा सासू अंथरुणात. मी मडगावला एका घरी म्हातारीला बघते आणि रात्री येऊन सासूला. लोक म्हणतात, ‘तू रूथच गो’. पण ताई, मला कुणी विचारलंच नाही राहतेस का म्हणून. दीर मुंबईला, नणंदा संसारात. रविवारी प्रवचनात ‘सुनेने असं राहावं’ असं म्हणणार असाल तर मी येणार नाही. जवाचं मला कळत नाही.

वास्कोवाली
नाही ग बाई, तसं म्हणणार नाही. नामी तर तिला परत जा, परत जा असंच सांगत राहते, आणि दुसरी सून अर्पा परत गेली म्हणून ग्रंथात तिला एक वावगा शब्द नाही.

मांडवीकाठ
पण सून सेवा करतेय हे तरी मान्य करा. सरवा हा मजुरी नव्हे.

जुना मास्तर
मजुरी नव्हेच, तिथे तुमचं खरं. पण हिशेब करून पाहा. पहिल्या दिवशी मळून झाल्यावर तिच्याजवळ सुमारे एक एफा जव होते, अंदाजे 22 लिटरचं माप. निर्गमात मान्ना माणशी रोज एक ओमेर, आणि दहा ओमेरांचा एक एफा. त्या मापाने एका दिवसाच्या वेचण्यात दोघींचं पाच दिवसांचं. शिवाय दुपारचं उरलेलं जेवण तिने सासूसाठी वेगळं ठेवलं होतं. एरवी एवढं सरव्यात मिळत नसणार, त्यात बवाजाने टाकलेलंही आहे. आणि हा सुगीचाच काळ, पुढे काय खायचं हे ग्रंथ सांगत नाही, म्हणूनच तिसऱ्या अध्यायात नामी लग्नाचा विचार करते.

इस्रायलवाली बहीण
माझी मावसबहीण तिकडेच आहे, तेल अवीवजवळ एका आजोबांकडे. बाई असली की तिथे अशा कामाला मेटापेलेत म्हणतात. फोनवर विचारलं तर म्हणाली, आम्हाला सरव्याचं काय, आम्हाला करार आहे. मग हसली. बेथलेहेम मात्र तिने लांबूनच पाहिलंय.

लोंबी
मला दुसरंच खटकतं. रूथ बवाजाच्या पाया पडून ‘मी परकी’ म्हणते. गोव्यात बाहेरून आलेल्याला ‘भायलो’ म्हणतात, आणि ते कसं म्हणतात हे बेळगावच्या बायकांना सांगायला नको. ‘मी भायली’ म्हणून वाचलं तर?

जुना मास्तर
धाडसाचं आहे, पण जवळचं. मूळ हिब्रूत नियमशास्त्रातला उपरा म्हणजे गेर, वस्तीला आलेला, ज्याला वाटा मिळतो. रूथ स्वतःला गेर म्हणत नाही, नोखरिया म्हणते, अगदी परकी. जणू ती आपल्यासाठी लिहिलेलं कलमही आपल्यावर लावून घेत नाही. तो फरक ‘भायली’त येतो. मला मात्र एक शंका आहे, गोंयकार श्रोते हा शब्द ऐकून चिडतील. तुमच्यात किती आहेत?

वास्कोवाली
पाचसहा. त्यातली एक माझी जाऊ. तिच्यासमोर ‘भायली’ वाचणं म्हणजे घरी परतल्यावर वेगळं प्रवचन ऐकणं! ‘परकी’च ठेवेन बहुतेक. सरव्याचं ठरलं: वाचताना ‘सरवा’च, आणि लगेच पुढे ‘शेतात सोडलेल्या लोंब्या, ज्या मालकाच्या नव्हत्या’ असं एक वाक्य. बवाजाने टाकलेल्यांना ‘जास्तीच्या’ म्हणेन.

मांडवीकाठ
‘ज्या मालकाच्या नव्हत्या’ हे ऐकून घरमालकिणी काय म्हणतील ते पाहा. माझं मत अजून तेच आहे. दया ती दया.

सावंतवाडीची
रविवारी साडेदहालाच ना? मला बारापर्यंतच सुट्टी आहे.