शब्दचर्चा : ड्रमची लेव्हल ‘फुगवटा’ की ‘फुगारा’?

चिमणीखालचा
आमच्या साखर कारखान्यातल्या बॉयलर अटेंडंटांसाठी मराठीत छोटी पुस्तिका करतोय. पोरं सगळी सोलापूर जिल्ह्यातलीच. तीन शब्दांपाशी गाडं अडलंय. लोड, म्हणजे वाफेची मागणी, अचानक वाढला की बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची पातळी वर उसळते, त्या स्वेलला मी ‘फुगवटा’ लिहिलं. लोड पडला की ती खाली जाते, त्या श्रिंकला ‘आटणे’. आणि पातळी आधी उलट्या दिशेला जाऊन मग खऱ्या दिशेला वळते, त्याला ‘व्यस्त प्रतिसाद’. एका फायरमननं वाचून विचारलं, “साहेब, प्रतिसाद कुठं बिझी आहे?” सुचवा काहीतरी. ड्रमला पाणी किती सोडायचं ते ठरवणाऱ्या थ्री एलिमेंट कंट्रोलला ‘त्रिघटकी नियंत्रण’ चालेल का, तेही सांगा.

पॅनलवरचा काका
फुगवटा तर अजिबात नको. आपल्याकडं फुगवटा म्हटलं की उजनी डोळ्यांपुढं येते. तिथं फुगवटा म्हणजे खरंच पाणी वाढलेलं, शेतात शिरलेलं. ड्रममध्ये नेमकं उलटं आहे, पाणी कमी होत असतं आणि पातळी वर दिसते. पोरगं ‘फुगवटा’ वाचेल आणि फीड व्हॉल्व्ह आवळून बसेल.

‘फुगारा’ घ्या. पोटात फुगारा धरतो म्हणजे जेवण जास्त झालं असं नाही, आत वारा असतो. इथं वाऱ्याच्या जागी वाफेचे बुडबुडे.

‘आटणे’ही चुकलंय. आटलं म्हणजे पाणी गेलं. श्रिंकमध्ये पाणी आहे तेवढंच असतं, फक्त बुडबुडे मोडतात. आम्ही शिफ्टला ‘लेव्हल बसली’ म्हणायचो.

डिप्लोमावाला
फुगारा मस्त. पण कारण साधं आहे ना काका? लोड वाढला की फायरिंग वाढतं, पाणी जास्त तापतं, तापलं की प्रसरण पावतं. म्हणून ‘प्रसरण’ आणि ‘आकुंचन’ हे शाळेतलेच शब्द घ्या. आणि थ्री एलिमेंट लावलं की हा प्रकार होतच नाही, मग शब्दावर एवढी चर्चा कशाला?

पॅनलवरचा काका
फुगारा शब्दापर्यंत तुमचं माझं जुळतं, पुढं नाही. वाफ ओढली गेल्यावर पहिल्या मिनिटात फायरिंग वाढलेलंच नसतं. बगॅस काही गॅस नाही, लगेच पेटायला. आधी ड्रमचा दाब पडतो. दाब पडला की पाण्याचा उकळबिंदू खाली येतो, त्यामुळं आहे तेच पाणी जागच्या जागी उकळतं, आणि आधीचे बुडबुडेही मोठे होतात. तापमान उलट दोनेक अंश उतरतं. म्हणून ‘प्रसरण’ लिहिलंत तर कारणच चुकीचं शिकवाल.

एक हिशेब मांडतो, आकडे सोयीसाठी गोल धरलेत. ड्रम ८ मीटर लांब, १.४ मीटर व्यासाचा. मध्यावर पाण्याचा पृष्ठभाग साधारण ११ चौरस मीटर. ६७ किलो दाबाला पाणी हलकं झालेलं असतं, त्यामुळं पातळीचा १ मिलिमीटर म्हणजे जवळपास ८ किलो पाणी. बॉयलर ताशी ६० टन वाफ देतोय, फीडही ६० टन. टर्बाइननं एकदम ७२ टन ओढले. दाब ६७ वरून ६५ वर. लेव्हल ६० मिलिमीटर वर.

आता फक्त लेव्हल बघणारा कंट्रोलर काय करणार? पाणी जास्त झालं समजून फीड कमी करणार, समजा ५० टन. जातात ७२, येतात ५०. ताशी २२ टन म्हणजे मिनिटाला साडेतीनशेच्या वर किलो तूट, पातळीच्या भाषेत ४४ मिलिमीटर. दोन मिनिटांत फुगारा उतरला की खाली ९० मिलिमीटरचा खड्डा निघतो. मग घाबरून व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा, थंड पाणी आत गेलं की उरलेले बुडबुडेही मोडतात, लेव्हल अजून बसते आणि पाणी फारच कमी म्हणून बॉयलर बंद, लो-लो ट्रिप.

थ्री एलिमेंट वाफेचा फ्लो बघून थेट ७२ टन पाणी मागतं. लेव्हल वर आहे म्हणून त्यातून थोडं कापतं, समजा २ टन. तूट मिनिटाला ४ मिलिमीटर. फुगारा तेव्हाही येणारच, ६० चे ५० होतील फार तर. फरक इतकाच की कंट्रोलर त्याला फसत नाही. मोठा झटका असेल तर हाय-हाय ट्रिप थ्री एलिमेंट असूनही बसते.

टॉवेलवाली ताई
मध्येच बोलते, माझा प्रश्न शब्दाचा नाही. अक्कलकोट रोडला आमचं टेरी टॉवेलचं छोटं युनिट आहे, बॉयलर लहान, पंप आपोआप चालू-बंद होतो. सकाळी डाइंगची मशिनं एकदम चालू केली की काचेत पाणी वर दिसतं आणि थोड्या वेळानं पाणी कमी म्हणून बर्नर बंद! दुरुस्तीवाला स्केल साठलंय म्हणतो. दोनदा साफ करून झालं. आम्हाला थ्री एलिमेंट बसवावं लागेल का?

पॅनलवरचा काका
नाही ताई, एवढ्याशा बॉयलरला तो खर्च नको. तुमच्याकडं फुगाऱ्यानं पंप बंद ठेवला, वाफ तर जातच राहिली. फुगारा उतरला तेव्हा पंप सुरू झाला आणि थंड पाण्यानं उरलीसुरली लेव्हल बसवली. एकदा मशिनं दोन-दोन मिनिटांच्या अंतरानं उघडून बघा. ट्रिप थांबली तर स्केलचा दोष नव्हता. आणि तो पाणी कमीचा स्विच कुणी ‘फार नाटक करतोय’ म्हणून बायपास करू देऊ नका.

टॉवेलवाली ताई
बायपासचं दुरुस्तीवाला म्हणालाच होता. बरं झालं विचारलं.

व्याकरणमास्तर
‘व्यस्त’ गणितात ठीक, व्यस्त प्रमाण आपण शिकलोच. पण व्यस्त म्हणजे एक वाढलं की दुसरं कमी, आणि ते तसंच राहतं. इथं उलटेपणा घटकाभराचा आहे. म्हणून ‘उफराटी सुरुवात’ कसं वाटतं? सुरुवात उफराटी, शेवट सरळ. ‘ऊत’ हाही शब्द मनात आला होता, दुधाला ऊत येतो तसा.

पॅनलवरचा काका
ऊत आला की लोक उतू जाण्याची वाट बघतात, मास्तर. ड्रममधून पाणी वाफेबरोबर सुपरहीटरकडं जातं त्या प्रकाराला तो शब्द राखून ठेवा. उफराटी सुरुवात मात्र पटली. एक लक्षात घ्या, खरी उफराटी सुरुवात फीडच्या बाजूनं आहे: पाणी वाढवलं तर लेव्हल आधी खाली जाते. लोडमुळं येणारा फुगारा हा बाहेरून बसलेला धक्का. दोन्हींना एकच शब्द घालू नका.

चिमणीखालचा
मी दोन्ही एकाच परिच्छेदात घातलंय, फोडतो. आणि ‘त्रिघटकी’?

डिप्लोमावाला
घटक म्हटलं की पोरांना सिमेंट-वाळू-खडी आठवते. ‘तीन सिग्नलचं’ लिहा.

व्याकरणमास्तर
सिग्नल आला तर पुस्तिका मराठी कशी राहिली? ‘तीन खुणांचं नियंत्रण’.

पॅनलवरचा काका
खुणा म्हटलं तर पोरं हातवारे करतील. पॅनलवर ‘थ्री एलिमेंट’ छापलेलं असतं, तेच ठेवा आणि खाली लिहा की वाफ किती गेली, पाणी किती आलं आणि लेव्हल कुठं आहे, हे तिन्ही बघून चालतं. पाण्याचा फ्लो कशाला मोजायचा हेही लिहा, नाहीतर तिसरा कशाला असं विचारतील. शेजारच्या बॉयलरनं त्याच हेडरमधून पाणी ओढलं की आपल्याकडचं कमी होतं, ते लेव्हलला कळायच्या आत तिथंच सावरता येतं. आणि सुरुवातीच्या कमी लोडला ते चालू करू नका. पाव लोडच्या खाली फ्लोमीटरचा फरक-दाब इतका बारीक असतो की आकडा भरवशाचा नाही. तेव्हा एकट्या लेव्हलवर, हळूहळू.

डिप्लोमावाला
आमच्याकडं तीस टक्क्यांवर बदलतात.

पॅनलवरचा काका
तुमच्या फ्लोमीटरवर अवलंबून. ब्लोडाउनचं पाणी वाफेच्या मीटरला दिसत नाही, तेवढी तूट लेव्हलच्या हळू दुरुस्तीनं भरून निघते. ती दुरुस्ती फार चपळ केलीत तर पुन्हा फुगाऱ्यामागं धावेल.

चिमणीखालचा
फायरमनला आत्ताच विचारलं. ‘फुगारा’ ऐकून हसला, म्हणाला, “हे आम्हाला कळतंय की.” ‘उफराटी सुरुवात’ला मात्र त्यानं नुसतं तोंड वाकडं केलं. मास्तर, दुसरं काही?