मदत हवी आहे: ऑडिटरच्या राजीनामापत्रात कारणं किती उघड लिहावीत?

नमस्कार मंडळी. एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं ऑडिट अर्ध्यात सोडायची वेळ आली आहे. गोदामाचं स्टॉक रजिस्टर आणि एका चालू खात्याचं बँक स्टेटमेंट तीनदा लेखी मागितलं. शेवटचं उत्तर एका ओळीचं आलं: "ते तुमच्या कामाचं नाही." कलम 143(1) नुसार वह्या पाहायचा हक्क आहे, तरीही दार बंदच. संचालक मंडळालाही कळवून झालं. शिल्लक मालाचा आकडा पडताळायला दुसरा मार्ग उरलेला नाही.

मसुद्यातला मुख्य परिच्छेद असा आहे:

"दि. 4, 11 व 20 जूनच्या पत्रांनी मागितलेले अभिलेख व्यवस्थापनाने दिले नाहीत. त्यामुळे पुरेसा लेखापरीक्षण पुरावा मिळू शकला नाही, म्हणून मी राजीनामा देत आहे. कंपनीची मूळ कागदपत्रं यादीसह परत करत आहे."

भागीदार म्हणतात, "वैयक्तिक कारण लिही, संबंध टिकतील." मला ते पटत नाही. राजीनाम्यापासून 30 दिवसांत `ADT-3` भरताना खरं कारण द्यावंच लागतं, आणि नवा ऑडिटर काम स्वीकारण्याआधी मलाच पत्राने विचारणार. तेव्हा वेगळं काय सांगू?

दोन गोष्टी सांगा. कारणांत स्टॉक आणि बँक खात्याचं नाव घ्यावं, की "मागितलेले अभिलेख" एवढं पुरे? आणि वर्किंग पेपर माझ्या मालकीचे असले, तरी अर्धवट कामातलं नव्या ऑडिटरला तुम्ही काय दाखवता?