लग्नाचा ग्रुप फोटो: ९ शॉट्समधला कुठला निवडलात?

केतकी
दिराच्या लग्नातला घरच्यांचा फोटो मोठा करून लावायचाय. माणसं १४, शॉट ९, पण एकही निर्विवाद नाही. चौथ्यात नवरा-नवरी सुरेख, पण सासऱ्यांचे डोळे मिटलेले. सातव्यात सगळ्यांचे डोळे उघडे, तर मामेसासरे घड्याळ बघतायत. तुम्ही कसं निवडलंत?

रीळवाला
बावीस वर्षं लग्नं काढतोय. आधी फोटो नखाएवढा करून बघा. तेव्हा चेहरे नाही, फटी दिसतात. दोन माणसांमधून मागचा पडदा दिसला की दोन घरांचं पटत नसल्यासारखं वाटतं. मग मोठा करून एका टोकापासून एकेक चेहरा बघत जा. पूर्ण मिटलेले डोळे लगेच सापडतात, फसवतात ते अर्धवट मिटलेले. वरची पापणी बुबुळावर उतरली की सज्जन माणूसही 'घेऊन' आलेला दिसतो. हसताना मात्र खालची पापणी वर चढते, गाल फुगतात. ते बारीक डोळे चालतात, त्यापायी फोटो बाद करू नका.

भागाकार
यावर गणित आहे! ऑस्ट्रेलियातल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांना यासाठी २००६ चं इग नोबेल, म्हणजे गमतीशीर संशोधनाचं बक्षीस, मिळालंय. माणसं वीसच्या आत असली तर चांगल्या उजेडात संख्येला ३ ने भागायचं, कमी उजेडात २ ने. तेवढे फोटो काढायचे. तुमचे सातात भागतं, काढलेत ९. म्हणजे एक तरी निर्दोष असणारच, नीट शोधा.

रीळवाला
ते फक्त पापण्यांचं गणित. घड्याळ बघणारा मामा त्यात नाही. केतकीताई, सासऱ्यांचे डोळे किती शॉट्समध्ये मिटलेत?

केतकी
सहा!

रीळवाला
मग तो योगायोग नाही. फ्लॅश उडण्याआधी उजेड मोजायला कॅमेरा बारीकसा लखलखाट टाकतो, काहींची पापणी त्यालाच लवते. त्यात होमाचा धूर.

उंचटांगी
माझंही सांगते. उंच म्हणून मला कायम कडेला उभं करतात. गेल्या लग्नात रुंद लेन्सने माझा दंड असा ताणला की पैठणीच्या काठापेक्षा तोच दिसतोय. पोक काढून उभी राहिले ते वेगळंच. यावर उपाय काय?

रीळवाला
पुढच्या वेळी खांदा किंचित तिरका करून आत सरका. फोटोग्राफरला चार पावलं मागे जायला सांगा.

भागाकार
मग सातव्यातला सासऱ्यांचा चेहरा चौथ्यात चिकटवा की.

रीळवाला
मान त्याच कोनात असेल तर जमतं. चष्म्याच्या काडीपाशी जोड उघडा पडतो, तिथे बघा.

उंचटांगी
मला नाही पटत. त्या क्षणी ते तसे हसलेच नव्हते ना?

केतकी
सासूबाईंना दाखवले. पाच सेकंदांत दुसरा उचलला. त्यात त्यांचा पदर सरळ आहे.

रीळवाला
आणि त्यात सासऱ्यांचे डोळे?

केतकी
मिटलेले.