चर्चा: इटालियनमध्ये ‘स्तो मांजांदो’ म्हणजे आपलं ‘खातोय’ असंच धरायचं का?

नवशिकी_पुणे: क्लासमध्ये ‘स्तारे’ क्रियापद आणि -आंदो/-एंदो जोडून चालू काळ शिकवला. ‘मांजो’ म्हणजे खातो, ‘स्तो मांजांदो’ म्हणजे खातोय, झालं. पण आमच्या बाई साध्या वर्तमानातच उत्तरं देतात, फोनवर असल्या तरी. मग हा काळ शिकायचा कशाला? माझं मत, मराठीत आहे तसंच सरळ वापरावं.

तोरिनोवासी: नको, मी तेच केलं आणि घोळ झाला. पहिल्या वर्षी मित्राचा फोन आला, सुट्टीचं काय ठरलं असं विचारत होता. मी मनात ‘व्हेनिसला निघतोय’ म्हणालो आणि तोंडातून आलं ‘स्तो पार्तेंदो पेर वेनेत्सिया’. माझी गाडी दुसऱ्या दिवशी होती. तो बिचारा मला भेटायला तडक पोर्ता नुओवा स्टेशनवर जाऊन उभा राहिला, कारण त्याने ऐकलं ते ‘मी या क्षणी निघतोय’. आपलं ‘निघतोय’ उद्यालाही चालतं, परवालाही चालतं, त्यांचं नाही. उद्याचं असेल तर साधं ‘पार्तो दोमानी’.

स्पॅनिशवाली: मी स्पॅनिश शिकलेय, तिथेही ‘एस्तार’ आहे, सेमच दिसतंय. तिथे ‘दोन तास खात होतो’साठीही तेच रूप चालतं, मग इथे पण चालवा की.

इटालियन_शिकवते: दिसतं सारखं पण वाकतं तेवढं नाही. इटालियनमध्ये हा ‘स्तारे’ मुख्यतः दोनच जागी येतो, ‘स्तो मांजांदो’ आणि भूतकाळातलं ‘स्तावो मांजांदो’. फोन आला तेव्हा मी जेवत होते, तिथे ‘स्तावो’ छान बसतं. पण दोन तास जेवले असं मोजून सांगायचं असेल तर ‘ओ मांजातो पेर दूए ओरे’, तिथे ‘स्तारे’ घुसवू नका.

आता मूळ प्रश्न. बाई बरोबर बोलतात. ‘के फाई?’ आणि ‘के स्ताई फाचेंदो?’ दोन्हींचा अर्थ ‘काय करतोयस?’ होतो. इंग्रजीत चालू काळ सक्तीचा आहे, इटालियनमध्ये ती सक्ती नाही. खिडकीतून बघून ‘प्योवे’ म्हणा किंवा ‘स्ता प्योवेंदो’, पाऊस पडतोयच. पण ‘के फाई स्तासेरा?’ म्हणजे ‘संध्याकाळी काय बेत?’, तिथे ‘स्ताई फाचेंदो’ चालत नाही. साधा वर्तमान ऐसपैस आहे, त्यात आत्ताचं, रोजचं, उद्याचं सगळं मावतं आणि ‘स्तारे’ त्यातला चालू असलेला तुकडा तेवढा धरतं.

व्याकरणप्रेमी: म्हणजे नियम सोपा झाला ना, या सेकंदाला घडत असेल तरच ‘स्तारे’, नाहीतर कधीच नाही.

इटालियन_शिकवते: अर्धं बरोबर. ‘स्तो लेज्जेंदो उन लिब्रो’ मी चहा पिताना पण म्हणू शकते, पुस्तक हातात नसलं तरी वाचन मधल्या टप्प्यावर आहे म्हणून. उलट ‘दोन वर्षांपासून इटालियन शिकतेय’ हे अजून चालू आहे, तरी तिथे सहसा साधंच ‘स्तूद्यो इतालियानो दा दूए आन्नी’ येतं. आपण तिथे ‘शिकतेय’ म्हणतो, त्यामुळे सगळ्यात जास्त चुका मी इथेच तपासते.

नवशिकी_पुणे: म्हणजे मराठी डोक्यातून काढूनच टाकायची?

इटालियन_शिकवते: अजिबात नाही, एका ठिकाणी मराठी इंग्रजीपेक्षा जास्त मदत करते! माणूस खुर्चीत आहे, आपण ‘बसलाय’ म्हणतो, ‘बसतोय’ नाही. इटालियन पण तसंच, ‘ए सेदूतो’. आणि खाली बसण्याची क्रिया चालू असेल, तेव्हा ‘सी स्ता सेदेंदो’, आपलं ‘बसतोय’. इंग्रजीवरून आलेली मुलं इथे हमखास गडबडतात, मी मात्र वर्गात फक्त ‘बसलाय की बसतोय’ विचारते.

तोरिनोवासी: हे भारी आहे. पण ‘झोपलाय’ला फसतं ना? बाळ झोपलंय तर ‘दोर्मे’ किंवा ‘स्ता दोर्मेंदो’ असंच ऐकतो मी.

इटालियन_शिकवते: हो, तिथे फसतं. त्यांच्याकडे झोपणं म्हणजे चालू असलेलं काम. झोप लागत असेल तर ‘सी स्ता आद्दोर्मेंतांदो’, ते वेगळं क्रियापद.

व्याकरणप्रेमी: मग वेटर हाक मारल्यावर ‘आर्रीवो!’ का म्हणतो? तो तर चालत येत असतो, ‘स्तो आर्रिवांदो’ पाहिजे.

तोरिनोवासी: दोन्ही म्हणतात. माझ्या कानाला ‘आर्रीवो’ हे आपल्या ‘आलो!’ सारखं लागतं, शब्द दिल्यासारखं, आणि ‘स्तो आर्रिवांदो’ म्हणजे वाटेत आहे, फोनवर जास्त ऐकू येतं.

इटालियन_शिकवते: ‘शब्द दिल्यासारखं’ मला पटतं, पण वाटेत असलेला माणूसही ‘आर्रीवो’ म्हणतोच, त्यामुळे मी तिथे रेघ मारणार नाही.

नवशिकी_पुणे: तरी मला वाटतं सुरुवातीला ‘स्तो’ जास्त वापरलं तर बिघडत नाही, निदान समोरच्याला आत्ताचं आहे ते कळतं.

तोरिनोवासी: कळतं, म्हणूनच तर माझा मित्र स्टेशनवर गेला ना.