मदत हवी आहे: गेम सुरू केला की पीसी बंद, एसएमपीएसच गेलाय ना?

ब्राउझिंग, सिनेमा, सगळं व्यवस्थित चालतं. जड गेम लावला की काही मिनिटांत पीसी फट्‌कन बंद, कोणी प्लग उपटल्यासारखा. निळा स्क्रीन नाही, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये फक्त Kernel-Power 41, आणि ती नोंद तर वीज गेली तरी येतेच. तापमान ठीक आहे, रॅमची चाचणीही पास झाली. ग्राफिक्स कार्ड काढून ऑनबोर्डवर चालवला तर दिवसभर बंद पडत नाही. पण त्यावरून कार्ड खराब की एसएमपीएस दमलाय, हे कसं ठरवायचं?

एसएमपीएस बाहेर काढून, हिरवी वायर काळ्या वायरला जोडून पंखा फिरतो का तेही पाहिलं. फिरतो. पण लोड नसताना तो फिरणारच, त्यामुळे मला त्यात फारसा अर्थ वाटत नाही. मग पुन्हा जोडून, रिकाम्या मोलेक्स कनेक्टरमध्ये मल्टिमीटर लावला: काळा प्रोब काळ्या वायरवर, लाल पिवळ्यावर. डेस्कटॉपवर 12.0 व्होल्ट. गेम सुरू होताच 11.5, आणि बंद पडण्याआधी 11.3. एटीएक्सची खालची मर्यादा 11.4 आहे.

एवढ्यावर एसएमपीएस बदलावा का? मल्टिमीटर क्षणिक घसरण पकडत नाही, म्हणजे प्रत्यक्षात व्होल्टेज आणखी खाली जात असेल. की सदोष कार्ड जास्त करंट ओढून असंच दाखवू शकतं? मित्राचा एसएमपीएस लावून बघणार आहे, त्याच्याच केबल्ससकट, कारण मॉड्युलर केबल्सची पिनरचना सारखी नसते. आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, त्यामुळे डबा उघडायचे सल्ले कृपया नकोत.