मदत हवी आहे: गिझरला एक्स्टेंशन लावलं की प्लग तापतो, किती एमएमची वायर घेऊ?

घाईत_आहे
गिझरजवळ पॉइंट नाही म्हणून बाहेरच्या बोर्डवरून एक्स्टेंशन ओढलंय. थोड्याच वेळात प्लगला हात लावता येत नाही, आज जळका वासही आला. एमसीबी पडत नाही, म्हणजे लोड जास्त नसावा. त्याच एक्स्टेंशनवर इस्त्री व्यवस्थित चालते. किती जाडीची वायर आणि किती अँपिअरचं एक्स्टेंशन आणू, तेवढंच सांगा. 'इलेक्ट्रिशियन बोलवा' नको, तो रविवारशिवाय येत नाही.

पन्नास_हर्ट्झ
गिझर किती वॅटचा? वायर किती लांब, तिच्यावर काय छापलंय? आणि नक्की तापतं काय, वायर की प्लग?

बिनधास्त
डोळे झाकून चारची वायर टाका. आमच्याकडे गिझर, एसी, सगळ्याला चारच आहे. जाड वायरीने कधी कुणाचं नुकसान झालंय?

शुभा_ताई
पाणी तापायला वेळ लागत असेल तर कॉइलवर क्षार बसलेत का बघा. आमचा गिझर साफ केल्यावर अगदी नव्यासारखा झाला.

घाईत_आहे
ताई, पाणी छान तापतं, प्रश्न प्लगचा आहे. गिझर २००० वॅट, साठवणीचा. वायर साधारण चार मीटर, तिच्यावर ०.७५ लिहिलंय. वायर कोमट लागते, प्लग भाजतो. गिझरचा प्लग मोठा आहे, एक्स्टेंशनला छोटा, म्हणून मध्ये कन्व्हर्टर लावलाय.

पन्नास_हर्ट्झ
हा कन्व्हर्टर आधीच सांगायला हवा होता. आत्ताच काढा.

२००० ला २३० ने भागा, जवळपास ८.७ अँपिअर येतात. छोट्या पिनांचा प्लग ६ अँपिअरचा. ०.७५ ची वायरही सहा-सातच्या आसपासची. इस्त्री १००० वॅटची असेल तर सव्वाचार-साडेचार अँपिअर ओढते, शिवाय थर्मोस्टॅट तिला मधूनमधून बंद करतो. गिझर टाकी तापेपर्यंत सलग ओढत राहतो. म्हणून इस्त्री चालली, गिझर चालला नाही.

आता कुठे तापतंय ते बघा. पूर्ण लांबी सारखी गरम असेल तर वायर बारीक. नुसता प्लग भाजत असेल तर सांधा सैल. पिन आणि सॉकेटमधला विरोध नुसता ०.१ ओहम झाला, तरी ८.७ अँपिअरला त्या एका टिपक्यावर साडेसात वॅट उष्णता निघते. वायरीत उष्णता चार मीटरभर पसरते, इथे ती नखाएवढ्या पितळेत कोंडते. उष्णतेने सॉकेटच्या आतली पत्ती नरम पडते, पकड आणखी ढिली होते, मग आणखी तापतं. पिन काळवंडल्यात का? प्लॅस्टिक पिवळं पडलंय का?

घाईत_आहे
एक पिन काळी आहे. पण एमसीबी का पडला नाही?

पन्नास_हर्ट्झ
कारण तो भिंतीतल्या वायरीची राखण करतो, तुमच्या एक्स्टेंशनची नाही. १६ चा असेल तर त्याच्या लेखी ८.७ म्हणजे निम्मा भार. सैल सांध्याने प्रवाह वाढत नाही, त्यामुळे प्लग वितळेपर्यंत त्याला काही कळणार नाही.

बिनधास्त
म्हणूनच चारची वायर म्हणतोय!

पन्नास_हर्ट्झ
चारची वायर प्लगच्या टर्मिनलमध्ये नीट बसतच नाही. मग लोक दोन-चार तारा कापून कोंबतात आणि नवा सैल सांधा तयार होतो. भिंतीतून कायमचा पॉइंट काढायचा तर अडीचची वायर, १६ चं सॉकेट आणि १६ चा एमसीबी पुरे. फार लांबून आणायचं किंवा मोठा एसी असेल तर चारचा विचार करा.

बिनधास्त
एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना झटका किती मोठा असतो माहीत आहे का? अडीचवर आमचे दिवे मिणमिणायचे.

पन्नास_हर्ट्झ
तो झटका क्षणभराचा, त्याने वायर तापत नाही, व्होल्टेज पडतं. लांबी किती होती, तेवढं सांगा.

मधला_मार्ग
रविवारपर्यंत १६ चा प्लग, १६ चं सॉकेट आणि दीडची तीन तारांची वायर असलेलं एक्स्टेंशन चालेल ना? आम्ही तसंच वापरतो.

पन्नास_हर्ट्झ
प्रवाहापुरतं चालेल, पण वायर पूर्ण उलगडून, गुंडाळी करून नाही. बोर्डवरचं सॉकेटही १६ चंच हवं, आणि तिथे अर्थ खरोखर जोडलेला हवा. सॉकेटच्या टोकावर पाणी उडत असेल तर माझ्याकडून नाहीच.

घाईत_आहे
सॉकेटचं टोक दाराच्या आतच येतं. बोर्डवर सॉकेट मोठं आहे, अर्थ आहे का ते कसं कळणार?

शुभा_ताई
टेस्टर लावून बघा ना.

मधला_मार्ग
टेस्टरने फेज कळते ताई, अर्थ नाही. आणि टोक आत येत असेल तर माझाही सल्ला मागे घेतो.

घाईत_आहे
मग तोवर पाणी गॅसवरच तापवतो. बोर्डपासून गिझरपर्यंत सात मीटर होतील, अडीच पुरेल ना तेवढ्याला?

पन्नास_हर्ट्झ
पुरेल. त्या बोर्डपर्यंत भिंतीतून कितीची वायर आलीय, ते आधी बघायला सांगा.