मदत हवी आहे: गोष्टीचे फासे आणले, तरी पोरगा वाक्य लिहीत नाही

रश्मी_इंदिरानगर
गोष्ट रचायचे चित्रांचे फासे असतात ना, नऊ फाशांचा संच, तो मागवून पंधरा दिवस झाले. रोज जेवणं झाली की फेकतो. फेकायला मजा येते, पण वही काढली की याचं पोट दुखायला लागतं. काल अर्धा तास मागे लागल्यावर हे लिहिलं: "मासा आणि विमान आणि किल्ली आणि बाण." झाली गोष्ट! सोमवारी शाळेत 'चित्र पाहून पाच वाक्ये लिहा' आहे. कॉलेज रोडला चित्रकार्डं पाहिली, ती घेऊ का? की मराठी फासे वेगळे मिळतात? लवकर सांगा प्लीज.

गोदाकाठचा
वय? इयत्ता? माध्यम? काहीच लिहिलेलं नाही, आम्ही काय कुंडली मांडायची का?

सुलेखा_नाशिकरोड
पेन्सिल कशी धरतो ते आधी बघा. माझी मुलगी मूठ आवळून धरायची. तिकोनी पेन्सिल आणली, रोज एक पान दुरेघी वहीत गिरवून घेतलं, आता अक्षर मोत्यासारखं आहे.

रश्मी_इंदिरानगर
सुलेखाताई, अक्षर चांगलं आहे हो त्याचं. शाळेने पाठवलेलं पान बघून सुरेख उतरवतो. वाक्यच सुचत नाही. आठ वर्षांचा आहे, तिसरी, इंग्रजी माध्यम. घरी आम्ही मराठीच बोलतो.

अभिजित_गंगापूररोड
आमच्याकडे हेच फासे मस्त चालले. नियम एकच, नऊच्या नऊ चित्रं गोष्टीत आलीच पाहिजेत. माझा मुलगा वीस मिनिटं न थांबता बोलतो. तुम्ही कार्डं वगैरे नका घेऊ, पैसे वाया. संच चांगलाच आहे, धीर धरा.

गोदाकाठचा
अभिजितराव, बोलतो ते कळलं. लिहितो का?

अभिजित_गंगापूररोड
लिहील की हळूहळू.

मंगल_शिक्षिका (निवृत्त)
रश्मी, एक विचारते. त्याच चार फाशांवर तो तोंडाने काय सांगतो? त्याला लिहायला न लावता ऐक आणि इथे टाक. बोलण्यातही "मासा आणि विमान" असंच येत असेल तर उपाय निराळा. बोलतो छान आणि कागदावर आटतं, तर उपाय निराळा.

रश्मी_इंदिरानगर
आत्ताच विचारलं. म्हणाला, "माशाला विमानात बसायचं होतं पण किल्लीच हरवली, मग त्याने बाणाने दार उघडलं." मीच बघत राहिले.

मंगल_शिक्षिका (निवृत्त)
अगं, मग गोष्ट आहेच त्याच्याकडे. आता बघ, 'मासा'चं 'माशाला' झालं, 'विमान'चं 'विमानात', 'बाण'चा 'बाणाने'. तोंडात हे आपोआप होतं. फाशावरचं चित्र मात्र नुसतं 'मासा' म्हणतं, आणि लिहिताना शब्द बदलावा लागला की पोरं अडतात. चुकेल या भीतीने मूळ शब्दच ठेवतात आणि मध्ये 'आणि' घालतात. नऊ चित्रं समोर असली तर नऊ वेळा अडतात. म्हणून अभिजित म्हणतात ते बोलण्यापुरतं बरोबर आहे, लिहिण्यासाठी नऊ फासे फार झाले.

माझ्या वर्गात मी हे करायचे. दोन चित्रकार्डं, एक प्राण्याचं आणि एक वस्तूचं. मध्ये उभं पुस्तक ठेवायचं आडोशाला. पोरगं त्याच्या बाजूला कार्डं हवी तशी मांडणार, म्हणजे मांजर खुर्चीच्या वर, खाली, मागे, कुठेही. मग चिठ्ठीवर एकच वाक्य लिहून आडोशावरून पलीकडे देणार. तू तुझ्याकडची तशीच दोन कार्डं त्या चिठ्ठीप्रमाणे मांडायचीस, एक शब्दही न विचारता. मग पुस्तक बाजूला काढायचं आणि दोन्ही मांडण्या जुळतात का बघायचं. तू मुद्दाम तंतोतंत वाच. लिहिलेलं नाही ते समजून घ्यायचं नाही.

कार्डं विकत कशाला? जुन्या लग्नपत्रिकांच्या मागे त्यालाच चित्रं काढू दे.

अभिजित_गंगापूररोड
हे जरा परीक्षेसारखं वाटतं. मुलांच्या चुका काढूच नयेत, आपोआप सुधारतात.

मंगल_शिक्षिका (निवृत्त)
खेळ चालू असताना लाल पेन नको, इथवर आपलं जमलं. पण कार्ड चुकीच्या जागी गेलं की चूक त्याची त्यालाच दिसते, तिथे आपण बोलायची गरजच उरत नाही. 'आपोआप' म्हणायचं तर ते इतकंच.

तुषार_पंचवटी
कार्डांत आपल्या गावचं काही घ्या की. गोदावरीतला दुतोंड्या मारुती घ्या! "पाणी मारुतीच्या कमरेपर्यंत आलं." पावसाळ्यात पोरं हेच तर बोलतात. रंगपंचमीला रंगाच्या पाण्याने भरतात ती रहाडही घ्या.

गोदाकाठचा
अवांतर: रहाडीवरून आठवलं, यंदा मिसळीचा कट्टा कुठे?

रश्मी_इंदिरानगर
मिसळ नंतर! काल खेळलो. पहिली चिठ्ठी: "मांजर खुर्ची". मी मांजर खुर्चीवर ठेवलं. पुस्तक काढल्यावर ओरडला, "खाली होती ती!" मी म्हटलं, कुठे लिहिलंय? चिठ्ठी ओढून घेतली, लिहिलं "मांजर खुर्ची खाली". पंधरा दिवसांत पहिल्यांदा न सांगता लिहिलं. सहा चिठ्ठ्या झाल्या. पण "घोडा वर माकड" लिहितो आणि "डबात लाडू". हे दुरुस्त करू का?

मंगल_शिक्षिका (निवृत्त)
आता कार्डं निवडून दे. पहिले काही दिवस वस्तू ई-कारान्तच ठेव: खुर्ची, टोपली, गाडी, पिशवी. यांत शब्द तसाच राहतो, 'खाली' किंवा 'त' नुसतं चिकटतं. 'खुर्चीखाली' एकत्र लिहायचं एवढीच एक गोष्ट शिकायची. मग झाड, घर, पान, यांना 'झाडाखाली', 'घरात' असा काना लागतो. घोडा, डबा, चमचा सगळ्यांत शेवटी, कारण तिथे 'घोड्यावर', 'डब्यात' असा शब्दच मोडतो. तू ही आधीच दिलीस, म्हणून अडला. 'घोडा' त्याला फार आवडत असेल तर राहू दे, पण तेव्हा तूही चिठ्ठ्या लिही, तुझ्या चिठ्ठीत 'घोड्यावर' दिसू दे.

ते जमलं की क्रियापदाचा एक फासा घाल. कोऱ्या लाकडी ठोकळ्यावर काड्यांची माणसं काढा: लपणे, पडणे, खाणे, ओढणे, झोपणे, पिणे.

सुलेखा_नाशिकरोड
'पिणे' कशाला? "घोड्याने पाणी प्यायलं" लिहिलं की आमच्या बाई चूक देतात. "घोडा पाणी प्यायला" हवं म्हणतात.

गोदाकाठचा
आमच्याकडे सगळे "पाणी प्यायलं"च म्हणतात. नाशिकची भाषा चूक का?

मंगल_शिक्षिका (निवृत्त)
व्याकरणात 'पिणे'ला 'ने' लागत नाही, 'शिकणे', 'विसरणे' यांच्यासारखं. बोलण्यात लागतं. आठ वर्षांच्या मुलाला यात पाडू नका, 'पिणे'च्या जागी 'फेकणे' घ्या.

सुलेखा_नाशिकरोड
म्हणजे बाई बरोबर होत्या.

रश्मी_इंदिरानगर
सोमवारचा अपडेट. पाचपैकी तीन वाक्यं लिहिली, "मुलगा झाडा खाली झोपला" असं मध्ये अंतर सोडून. बाईंनी अर्धा गुण कापला. चौथं सुचलं होतं म्हणे, पण पलीकडे मांडणारं कुणी नव्हतं. वर्गात एकट्याने लिहायचं असतं तेव्हा काय करायचं, हे कुणी सांगेल का?

अभिजित_गंगापूररोड
नऊ फासे करून बघा परत, आता जमेल.